चोर धरला कोणी?

जनाबाईच्या एका अभंगात विठ्ठलाच्या गळ्यात दोर पडलेला आहे. पंढरीचा चोर सापडला आहे. हृदयाचा बंदिखाना करून त्यात त्याला कोंडलं आहे, शब्दांनी जखडून पायांत बेडी ठोकली आहे, आणि वर ‘सोहं’चा मार इतका बसला आहे की विठ्ठल काकुळतीला आला आहे. शेवटी जनी त्याला तोंडावर सांगते की काही झालं तरी तुला सोडणार नाही. पाच कडव्यांचा हा छोटा अभंग म्हणायला मिनिटभरही लागत नाही.

परीक्षेत याचं रसग्रहण विचारलं तर ठरलेलं उत्तर असं येतं: ‘या अभंगात रूपक अलंकार आहे. हृदय हे उपमेय, बंदिखाना हे उपमान. जनाबाईंची विठ्ठलभक्ती यातून उत्कटपणे व्यक्त होते.’ उत्तर चुकीचं नाही. पण हेच उत्तर दुसऱ्या कुठल्याही संताच्या कुठल्याही रूपकाखाली चिकटवता येतं, आणि तिथेच त्याचं दुबळेपण आहे. जनीने बंदिखानाच का निवडला, देव्हारा का नाही, याला ते हात लावत नाही. चोर धरला कोणी, हेही ते विचारत नाही.

हे दोन प्रश्न अभ्यासक्रमात दोन वेगळ्या खोल्यांत राहतात. रूपक कवितेबरोबर शिकवतात. निवेदक आणि त्याचा दृष्टिकोन कथा-कादंबरीबरोबर. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलांचा असा समज होतो की कवितेत प्रतिमा शोधायच्या आणि कथेत निवेदक शोधायचा. माझं म्हणणं असं की हा एकच प्रश्न आहे. कुठलीही गोष्ट दुसऱ्या कशासारखी दिसते ती कोणाला तरी दिसते, आणि कुठून तरी दिसते. ती जागा सापडली नाही तर रूपक अर्धंच वाचलं जातं.

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मुलांसाठी जनाबाई निवडायला एक साधं कारण आहे. ती याच जिल्ह्यातली. सेलूहून रेल्वेने परभणीला जावं, तिथे परळीकडची गाडी धरावी, की गोदावरीकाठचं गंगाखेड लागतं. परंपरा सांगते की तिथे जन्मलेली ही मुलगी लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली, नामदेवाच्या घरची दासी म्हणून वाढली आणि १३५० साली नामदेवाच्या पाठोपाठ गेली. दुसरं कारण मात्र साहित्याचं आहे. बोलणारी कोण आहे हे जनाबाई आपल्या अभंगांत जितक्या वेळा आणि जितक्या ढंगांनी सांगते, तितकं फार थोडे कवी सांगतात.

आधी रूपक पाहू. मम्मटाने अकराव्या शतकातल्या ‘काव्यप्रकाशा’त रूपकाची ओळख उपमान आणि उपमेय यांचा अभेद अशी करून दिली. उपमेत दोन वस्तू शेजारी उभ्या राहतात आणि ‘सारखा’, ‘जसा’ असे शब्द त्यांच्यामध्ये अंतर राखून असतात. रूपकात हे अंतर मिटतं. हृदय बंदिखान्यासारखं नाही; हृदय बंदिखानाच आहे. आणि एका मुख्य रूपकाला त्याचे अवयवही रूपकं होऊन येऊन मिळाले की त्याला सांगरूपक म्हणतात. इथे तसंच झालं आहे. हृदय बंदिखाना झालं, तर शब्द बेडीच्या साखळ्या झाले आणि ‘सोहं’ हा मार झाला. एक वस्तू बदलली आणि तिच्या मागोमाग सगळं घर बदललं.

आता या घरात कोणत्या वस्तूला जोडीदार मिळालेला नाही ते शोधावं. रसग्रहणाची खरी सुरुवात इथून होते. दोराला जोडीदार नाही. दोर म्हणजे भक्ती असं टीकाकार सांगतील, कीर्तनकार सांगतील, पण अभंग सांगत नाही. चोरी म्हणजे काय, तेही अभंग सांगत नाही. चोर आहे, पण मुद्देमाल कुठे आहे? कृष्णाचं लोणी ऐकणाऱ्याला आठवेल, मन चोरणारा देवही आठवेल. मन चोरणारा म्हणून वाचलं तर एक गंमत होते. चोरीला गेलं ते हृदय, आणि चोराला डांबलं तेही हृदयातच. मुद्देमालाचाच तुरुंग झाला! हा अर्थ अभंगात लिहिलेला नाही. जनीने चोरीची वस्तू सांगायची टाळली, म्हणून तो वाचणाऱ्याच्या मनात तयार होतो. सांगरूपकात सगळे अवयव जुळवून दाखवणारा कवी हुशार असतो. एखादी जागा मोकळी ठेवणारा त्याहून हुशार.

इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स याने १९३६ साली एक गोष्ट नेमकेपणाने मांडली. रूपकात एक कल्पना दुसरीचा नुसता अंगरखा घालत नाही. दोघी एकमेकींवर परिणाम करतात आणि अर्थ त्या दोघींच्या व्यवहारातून निघतो. जनीच्या बंदिखान्यात हे चांगलं दिसतं. हृदयाला भिंती आल्या, दार आलं, कुलूप आलं. ते मऊ, ओघळणारं राहिलं नाही. उलट बंदिखान्यालाही काहीतरी मिळालं. तो जगातला एकमेव तुरुंग आहे जो कैद्याच्या ओढीपायी बांधला गेला. ओढीत धाक आला आणि धाकात ओढ आली. ‘उत्कट भक्ती’ हे शब्द या व्यवहाराच्या पासंगालाही पुरत नाहीत, कारण त्यांत धाक नाही.

आणि मग तो मार. दोर, कोठडी, बेडी इथवर सगळं कोतवालाच्या चावडीतलं आहे. मारही तिथलाच, पण तो ज्या शब्दाने दिला तो शब्द पाहावा. ‘सोहं’ म्हणजे ‘तो मी’. भक्त आणि देव यांच्यात भेद नाही असं सांगणारा हा शब्द. आता ज्या हत्याराने मारायचं तेच हत्यार ‘मारणारी आणि मार खाणारा एकच’ असं सांगत असेल, तर चावडीचा सगळा देखावा आतून डगमगू लागतो. कैदी कोण आणि पहारेकरी कोण? रूपकाची व्याख्या अभेदाची. ‘सोहं’चा अर्थही अभेदाचा. जनीने काव्यशास्त्राची पोथी वाचली होती की नाही हा प्रश्न इथे गैरलागू आहे. अभंगाचा आकार आणि अभंगाचं म्हणणं इथे एकाच जागी येऊन भेटतात, एवढं दिसलं तरी पुष्कळ.

आता दुसरा प्रश्न. चोर धरला कोणी?

पहिली चार कडवी पुन्हा नजरेखालून घालावीत आणि कर्ता शोधावा. सापडत नाही. मराठीची ही सोय आहे. ‘चोर धरला’ या वाक्यात क्रियापद चोराच्या मागे चालतं, आणि धरणाऱ्याचं नाव न घेताही वाक्य पुरं होतं. चार कडव्यांत धरणं, बांधणं, कोंडणं, बेडी घालणं, मारणं अशी एवढी कामं झाली, पण ती करणारं माणूस पडद्याआड आहे. नाव सारखं येतं ते विठ्ठलाचं. जणू चावडीवर कोणी तरी अहवाल वाचतं आहे: अमुक धरला, अमुक ठिकाणी ठेवला, अमुक शिक्षा दिली. अहवालात ‘मी’ नसतो, तसा तो इथेही नाही.

पाचव्या कडव्यात सगळं एकदम फिरतं. ‘जनी म्हणे’ येतं, तिथे बोलणारी स्वतःचं नाव तिसऱ्याच कुणाचं असावं तसं घेते. लगेच त्याच दमात ‘मी’ येतं. आणि आतापर्यंत ‘तो’ असलेला विठ्ठल ‘तू’ होतो. अहवाल संपला, आता समोरासमोर बोलणं आहे. म्हणजे एका कडव्याच्या अवकाशात बोलणारीने दोन अंतरं ओलांडली. स्वतःपासूनचं अंतर मिटवून ती ‘जनी’ची ‘मी’ झाली, आणि देवापासूनचं अंतर मिटवून तिने त्याला ‘तू’ म्हटलं. चार कडवी लपवलेला कर्ता इथे उघड होतो, आणि तो कोतवाल नाही, राजा नाही. नामदेवाच्या घरची दासी आहे. हे नाव पहिल्याच कडव्यात आलं असतं तर धक्का बसलाच नसता.

फ्रेंच अभ्यासक जेरार झनेत याने १९७२ साली कथनाचा विचार करताना दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवले: बोलतं कोण, आणि पाहतं कोण? कथेत ‘तो गेला, त्याने पाहिलं’ असं तृतीयपुरुषी निवेदन असतं, पण दिसतं ते एखाद्या पात्राच्या डोळ्यांतून. आवाज एकाचा, नजर दुसऱ्याची. प्रथमपुरुषी निवेदनातही पन्नाशीतला माणूस आपलं बालपण सांगतो तेव्हा आवाज पन्नाशीचा असतो आणि नजर कधी त्या वयाची, कधी या वयाची. ‘निवेदन प्रथमपुरुषी आहे’ एवढं लिहून थांबणारा विद्यार्थी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि दुसरा तसाच सोडून जातो.

जनीच्या अभंगात आवाज चार कडवी निनावी आहे. नजर मात्र पहिल्यापासून एका ठरावीक जागी आहे, आणि ती जागा रूपकाने सांगितली आहे. हृदयाचा बंदिखाना ज्याला दिसतो तो त्या हृदयाचा धनीच असणार. बाहेर उभ्या असलेल्याला दासी दिसेल, तिच्या हातातलं काम दिसेल. आत कोण कोंडलेलं आहे ते दिसणार नाही. म्हणजे कर्त्याचं नाव व्याकरणाने लपवलं, तरी त्याचा ठावठिकाणा रूपकाने आधीच फोडला होता. दृष्टिकोन शोधायचा तो सर्वनामांत, पण तेवढ्यावर भागत नाही. प्रतिमांतही शोधावा लागतो तो यासाठी.

हे पटत नसेल तर एक प्रयोग करून पाहावा. रूपक तेच ठेवायचं, बोलणारा बदलायचा. समजा हेच विठ्ठल सांगतो आहे: मला धरलं, मला कोंडलं, मला मारलं. मग ती तक्रार होते, फार तर लाडिक तक्रार. देव मोठेपणाने स्वतःला लहान करून घेतो आहे असं वाटतं आणि जनी त्याच्या खेळातली एक बाहुली ठरते. समजा एखादा चरित्रकार सांगतो आहे: जनाबाईने विठ्ठलाला हृदयात कोंडलं. मग ती आख्यायिका होते; ऐकणारा हात जोडतो आणि पुढे जातो. समजा एखादा राजा म्हणतो आहे, मी देवाला बंदिवान केलं. मग त्यात नवल काही उरत नाही, उलट उद्दामपणा येतो. माणसं बंदिवान करणं हे त्याचं रोजचंच काम. दोर तोच, बेडी तीच, तुरुंग तोच. एकदा ती तक्रार, एकदा आख्यायिका, एकदा मिजास. दासीच्या तोंडीच त्याला उलथापालथीचं मोल येतं, कारण तिच्यावर हुकूम चालतो, तिचा कोणावर चालत नाही. जिच्या हाती अधिकार नाही तिने उपमानं उचलली ती नेमकी अधिकाराच्या जगातली.

शेवटच्या शब्दांत तर दोन्ही जगं एकाच वाक्यात नांदतात. जिवाशी जोडलेलं तिथलं ‘न सोडणं’ दोन तऱ्हांनी ऐकू येतं. जिवंत सोडणार नाही, ही चावडीतली धमकी. जिवात जीव असेपर्यंत सोडणार नाही, हा भक्ताचा शब्द. पहिला अर्थ बंदिखान्याचा आहे, दुसरा हृदयाचा. सांगरूपक इथे संपतं, आणि संपताना दोन्ही बाजूंचा हिशेब एकाच क्रियापदात मिटवून जातं.

दुसरा एक अभंग याच्या शेजारी ठेवण्यासारखा आहे. तो महाराष्ट्रभर गायला जातो. त्यात विठ्ठल लेकुरवाळा आहे आणि संत त्याची पोरं. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, ज्ञानेश्वर पुढे चाललेला, मुक्ताबाई मागे. गोरा कुंभार मांडीवर, चोखा जिवाबरोबर, बंका कडेवर, आणि नामा करंगळी धरून.

हे चित्र काढायला घेतलं तर हात अडखळतो. ज्ञानेश्वर पुढे चालतो आहे म्हणजे विठ्ठल चालतो आहे. मग गोरा मांडीवर कसा? मांडी असते बसलेल्या माणसाला. काही चित्रकारांनी यातून वाट काढली आहे, पण अभंगाला वाट काढायची गरज वाटलेली नाही. रूपक म्हणजे छायाचित्र नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगायला यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही. लेकुरवाळेपण हा दिवसभराचा अनुभव आहे, एका क्षणाचा देखावा नाही. आईचं मूल सकाळी मांडीवर असतं, दुपारी कडेवर, संध्याकाळी बोट धरून. अभंगाने ते सगळे प्रहर एकावर एक ठेवले आहेत.

जागांची वाटणीही बारकाईने पाहावी. नामदेव जनीचा धनी, पण त्याच्या वाट्याला आली करंगळी. सर्वांत लहान मुलाने धरावी ती. चोख्याला खांदा नाही, मांडी नाही, कड नाही. ज्याला गावाने स्पर्शाबाहेर ठेवलं त्याला जनीने अंगावर जागा देण्याऐवजी थेट जिवाची बरोबरी दिली. हा तिने केलेला निवाडा आहे, आणि तो नुसत्या जागा वाटून केला आहे. त्यावर शब्दाचंही भाष्य नाही.

आणि जनी स्वतः? ती या चित्रात नाही. एवढ्या अंगाखांद्यांवर तिला जागा नाही. ती येते ती शेवटच्या नाममुद्रेत, ‘जनी म्हणे’ एवढ्यापुरती. इथे बोलणारीच पाहणारी आहे, आणि पाहणारी असल्यामुळेच दिसणाऱ्यांत नाही. चोराच्या अभंगात ती रूपकाच्या आत होती, किंबहुना तिचं हृदयच रूपकाचं घर होतं. इथे ती दारात उभं राहून दुसऱ्याच्या घरचा गलबला पाहते आहे. कोणाला यात वगळलेल्या दासीचं दुःख दिसेल, कोणाला पाहणाऱ्याची निरपेक्ष मजा. दोन्ही वाचनं उभी राहू शकतात. मात्र तिची अनुपस्थिती लक्षात न घेणारं वाचन उभं राहत नाही.

रूपक शोधायची सवय लागली की एक खोड जडते. सगळीकडेच रूपक दिसू लागतं. त्यावर उतारा म्हणून जनाबाईचाच तिसरा अभंग घ्यावा. त्यात जनी झाडलोट करते आणि चक्रपाणी केर भरतो, पाटी डोक्यावर घेतो, नेऊन लांब टाकतो. भक्तीला असा भुललेला देव हलकी कामं करू लागला, आणि जनी त्याला विचारते की तुझे उपकार फेडू तरी कसे.

मुलं इथे हमखास लिहितात की केर म्हणजे पाप, झाडणं म्हणजे चित्तशुद्धी. पण अभंगात तसं म्हटलेलं नाही. चोराच्या अभंगात हृदय आणि बंदिखाना या दोन्ही वस्तू कवयित्रीने स्वतः समोर ठेवल्या होत्या. इथे एकच वस्तू आहे. केर हा केरच आहे, पाटी ही पाटीच, आणि ती देवाच्या डोक्यावर खरोखर आहे. ही घडलेली गोष्ट म्हणून सांगितली आहे. तिचं रूपक केलं की तिची सगळी धग जाते. पाप उचलणारा देव इतरत्रही भेटतो. दासीच्या वाटणीची केराची पाटी उचलणारा देव मिळणं कठीण. मजकुरात दुसरी बाजू दिलेली आहे का, किंवा ती मानल्याशिवाय वाक्याला अर्थच लागत नाही असं आहे का, हे तपासावं. दोन्ही नसेल तर रूपक लादू नये.

या अभंगाची खरी खुबी रूपकात नाही, नजरेत आहे. सांगणारी जनीच, पण गोष्टीत ती ‘जनी झाडते’ अशी तिसरी व्यक्ती होऊन येते. ती स्वतःकडे अंगणाच्या पलीकडून पाहते आहे. आणि मग ती ‘हलकी कामं’ हा शेरा. हा शेरा कोणाचा? ही कामं तिची रोजची. ज्याच्या हातात झाडू असतो तो त्याला आपणहून हलकं म्हणत नाही; म्हणतं ते ओसरीवर बसलेलं जग. आवाज जनीचा आहे, पण त्या एका विशेषणापुरते डोळे जगाचे आहेत. जगाची प्रतवारी तिने उसनी घेतली आणि त्याच वाक्यात देवाला त्या तळाच्या पायरीवर आणून उभं केलं. आता जगाने ठरवावं, काम हलकं की देव हलका. कादंबरीत निवेदकाच्या वाक्यात पात्राचे किंवा गावाचे शब्द मिसळतात तेव्हा जे घडतं, तेच इथे एका ओळीच्या जागेत घडलेलं आहे.

इथे एक सावधगिरी हवी. ‘जनी’ ही अभंगात बोलणारी आहे; चौदाव्या शतकात जगलेली बाई आणि ती एकच, असं धरून चालू नये. जनाबाईच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. ते नामदेवाच्या गाथ्यातून, गायकांच्या तोंडून आणि नकलाकारांच्या हातून शतकानुशतकं प्रवास करत आले. ‘बंदिखान्या’तला ‘खाना’ फारसी आहे, आणि वाटेत कोणी शब्द बदलले असतील याची तेवढी एक खूण पुरे. नाममुद्रा ही जशी सही असते तशीच ती एक जागाही असते. त्या जागेवर बसून कोणीही दासीच्या नजरेने पाहू शकतं, आणि पुढच्या गाणाऱ्यांनी ते केलंही असेल. म्हणून ‘जनाबाईच्या आयुष्यात असं घडलं, म्हणून तिने असं लिहिलं’ हा उलटा रस्ता टाळावा. अभंगातली बोलणारी कोण, तिला काय दिसतं, कुठून दिसतं, एवढंच मजकुरातून सिद्ध करता येतं, आणि रसग्रहणाला तेवढं पुरतं.

हाच हिशेब कथेकडे नेता येतो. समजा एक कथा आहे. जनावरांचा बाजार भरला आहे. आठ-नऊ वर्षांची मुलगी बापाबरोबर आली आहे. बाप घरचा बैल विकतो आहे. बाप आणि व्यापारी यांनी हातावर रुमाल टाकला आहे आणि आत बोटं दाबून भाव चालला आहे. निवेदन तृतीयपुरुषी, पण आतापर्यंतचं सगळं मुलीच्या डोळ्यांतून. आता लेखकाला त्या रुमालासाठी रूपक हवं आहे. तीन वाक्यं लिहून पाहू.

रुमालाखाली दोन उंदीर लपंडाव खेळत होते.

रुमालाखाली पाच बोटांची कचेरी भरली होती.

रुमालाखाली बैलाचं कफन शिवलं जात होतं.

पहिलं वाक्य मुलीचं आहे. तिला कापड हलताना दिसतं, आतला व्यवहार कळत नाही. म्हणून तिला खेळ दिसतो. वाचणाऱ्याला व्यवहार कळतो, मुलीला कळत नाही, आणि या फटीतून करुणा आत येते. लेखकाला एक शब्द जास्त लिहावा लागत नाही. दुसरं वाक्य बाजाराचं आहे. कचेरी पाहिलेला, निकाल कसे लागतात हे जाणणारा कोणी तरी, कदाचित बापच, तिथून पाहतो आहे. हे वाक्य आलं की नजर मुलीकडून सरकली. लेखकाने ती मुद्दाम सरकवली असेल, तर पुढच्या दोन-तीन वाक्यांत तिचा उपयोग दिसला पाहिजे.

तिसरं वाक्य तिघांत सर्वांत जोरकस आहे, आणि सर्वांत संशयास्पदही तेच. नऊ वर्षांच्या मुलीने कफन पाहिलं असेलही, पण भाव ठरणं म्हणजे मरण शिवणं हा सांधा तिचा नाही. बापाचा असू शकेल, पण बाप त्या घडीला भावाकडे लक्ष लावून आहे. मग उरतो लेखक. त्याला वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी हवं होतं, म्हणून त्याने पात्राला बाजूला सारून स्वतःचं उपमान ठेवलं. अशा वाक्याखाली विद्यार्थ्याने ‘सुंदर रूपक’ असं लिहू नये. कथेत फक्त एकच गोष्ट त्याला वाचवू शकते: ही हकिगत तीच मुलगी मोठेपणी, पुढे काय झालं ते ठाऊक असताना, सांगत असेल तर. मग नजर वर्षांनी लांबलेली आहे, कफनाची जाण तिने पुढच्या आयुष्यात कमावलेली आहे, आणि वाक्य तिच्या हक्काचं होतं. तशी एखादी खूण कथेत आधी पेरलेली आहे का, ते मागची पानं उलटून पाहावं. खूण सापडली तर ते रूपक कथेचं. नाही सापडली तर ते कथेत उसनं आणलेलं आहे, मग ते सुटं वाचताना कितीही चांगलं वाटो.